‘घ्या’ म्हणू की ‘घ्याल का’? मराठीत नव्याने बोलणाऱ्यांसाठी

कामानिमित्त पुण्यात आलेल्या लोकांना मी संध्याकाळी मराठी शिकवतो. त्यातला एक जण एकदा हिरमुसून वर्गात आला. सकाळी ऑफिसला निघताना त्याने शेजारच्या काकूंचं दार वाजवलं आणि घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, “काकू, माझं कुरिअर घ्या.” काकूंनी हात पुढे केला आणि त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या. “कुठंय?” त्या म्हणाल्या. त्याला पुढचं काही सुचेना. शेवटी हिंदीतून उलगडा झाला की कुरिअर दुपारी येणार आहे आणि ते काकूंनी घेऊन ठेवायचं आहे. काकूंनी ठेवलंही. पण “आधी नीट विचारायचं की रे” हे ऐकवूनच.

त्याचा प्रश्न रास्त होता. “मी ‘घे’ नाही म्हटलं, ‘घ्या’ म्हटलं. आदर दिला की. मग चुकलं कुठे?”

‘घ्या’मध्ये आदर आहे, पण विचारणं नाही. मराठीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कर’ आणि ‘करा’ यांत फरक आहे तो समोरच्याला किती मान द्यायचा याचा. ‘करा’ आणि ‘कराल का’ यांत फरक आहे तो समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवली की नाही याचा. हिंदीतून आलेल्यांची इथे हमखास गफलत होते, कारण हिंदीत ‘करो’ आणि ‘कीजिए’ अशा दोन पायऱ्या आहेत आणि मराठीत त्या दोन्हींच्या जागी एकटं ‘करा’ उभं असतं. त्यामुळे काहींना ‘करा’ हे ‘करो’सारखं उद्धट वाटतं आणि ते भाजीवाल्यालाही ‘द्याल का’ म्हणतात. बाकीच्यांना ते ‘कीजिए’ वाटतं आणि ते शेजारच्या काकूंना बिनदिक्कत ‘घ्या’ म्हणतात. दोघांचंही थोडं थोडं चुकतं.

पहिली पायरी: रूप तयार करा

हे सगळ्यात सोपं काम आहे, म्हणून लगेच उरकून टाकू. ‘करा’ला ‘ल’ लावा, पुढे ‘का’ जोडा. करा – कराल का. द्या – द्याल का. घ्या – घ्याल का. या – याल का. थांबा – थांबाल का. सांगा – सांगाल का. व्हा – व्हाल का. लिहा – लिहाल का. रोजच्या वापरातली क्रियापदं या एका युक्तीत बसतात. एरवी ‘घे’चं ‘घ्या’ आणि ‘ये’चं ‘या’ कसं होतं हे पाठ करावं लागतं. ते एकदा झालं की ‘ल’ फुकट मिळतो.

या रूपाचा एक फायदा कुणी सांगत नाही. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. एकेरीत ‘देतोस का’ आणि ‘देतेस का’ यांत अडखळणाऱ्याला ‘द्याल का’ कुठेही चालतं.

तीन चुका मात्र ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे ‘काका, जरा सांगशील का’. ‘सांगशील’ हे ‘तू’चं रूप आहे. ‘काका’ म्हणून वर ‘सांगशील’ म्हटलं की एका हाताने नमस्कार केला आणि दुसऱ्याने पाठीवर थाप मारली असं होतं. (स्वतःच्या आईला किंवा आजीला बऱ्याच घरांत ‘तू’च म्हणतात, तिथे ‘करशील का’ अगदी बरोबर. मित्राच्या आईला मात्र ‘कराल का’.)

दुसरी चूक ‘का’च्या जागेची. “तुम्ही कराल का?” ही विनंती आहे. “तुम्ही का कराल?” म्हणजे तुम्ही कशाला कराल, तुम्हाला काय पडलंय. शब्द तेच, जागा बदलली की भांडण. ‘का’ क्रियापदाच्या मागोमाग, वाक्याच्या अगदी शेवटी, एवढं पक्कं धरा.

तिसरी चूक उत्तर देतानाची. कुणी तुम्हाला “जरा दार लावाल का?” म्हटलं, तर “हो, लावाल” असं नाही. “हो, लावतो” किंवा “हो, लावते”.

दुसरी पायरी: काम कोणाचं ते ठरवा

आता खरा भाग. वय, ओळख, जागा या सगळ्याच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी जे सांगतोय ते झालं तर भलं कोणाचं होणार?

भलं समोरच्याचं असेल तर ‘करा’. घरी कुणी आलं की “या, बसा, पाणी घ्या”. इथे ‘बसा’ हा हुकूम नाही, ते स्वागत आहे. उलट दारात उभ्या असलेल्या आजोबांना “बसाल का?” विचारलंत तर त्यांना वाटेल, याला आपण बसायला नकोय. चहाचं तर विचारूच नका. “चहा घ्याल का?” हा प्रश्न झाला, आणि आपल्याकडे या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर “नको नको, आत्ताच झालाय” हे आहे. पाहुण्याला चहा प्यायचा असला तरी. म्हणून ज्यांना खरोखर चहा पाजायचा असतो ते विचारत नाहीत, कप पुढे करतात आणि म्हणतात, “घ्या.” कोल्हापूरकडे “घ्या की” म्हणतील, त्यात आणखी आग्रह. वडीलधाऱ्यांना “औषध घ्या”, “सावकाश उतरा”, “आता आराम करा” यात कुठेच उद्धटपणा नाही. काळजी आज्ञार्थातच बोलते.

भलं तुमचं असेल तर ‘कराल का’. कुरिअर घेऊन ठेवणं, बॅगेवर लक्ष ठेवणं, फॉर्म वाचून दाखवणं. इथे समोरचा तुमच्यासाठी तसदी घेणार आहे, म्हणून त्याची मर्जी विचारायची.

काकू का गोंधळल्या तेही आता कळेल. ‘घ्या’ हा शब्द त्यांनी जन्मभर “हे तुमच्यासाठी आहे” अशा अर्थाने ऐकलाय. प्रसाद घ्या, हळद-कुंकू घ्या, तिळगूळ घ्या. त्यामुळे हात आपोआप पुढे आला. त्यात उद्धटपणा दिसायच्या आधी त्यांना त्यात देणंच दिसलं.

तिसरीही एक गोष्ट असते: भलं कोणाचंच वेगळं नाही, ते समोरच्याचं रोजचं कामच आहे. दुकानदार, कंडक्टर, तिकीटखिडकी. तिथे ‘द्या’ पुरतं. “एक स्वारगेट द्या.” “अर्धा किलो कांदे द्या.” यावर कुणाची भुवई उंचावणार नाही. भाजीवाल्या मावशींना “अर्धा किलो कांदे द्याल का?” असं फार मऊ आवाजात विचारलंत तर त्या क्षणभर थांबतील. उधार मागतोय की काय, अशी शंका येते. पण त्यांच्या रोजच्या कामाबाहेरचं काही हवं असेल, तर लगेच ‘का’ आणा: “मावशी, ही पिशवी पाच मिनिटं इथे ठेवू द्याल का?” एकाच माणसाशी, एकाच मिनिटात, कांद्याला ‘द्या’ आणि पिशवीला ‘द्याल का’. हे जमलं की तुमचं मराठी पुस्तकातून बाहेर आलं.

डॉक्टर “तोंड उघडा” म्हणतात, बँकेत “इथे सही करा” म्हणतात, तेव्हा नवख्यांना ते तुटक वाटतं. तसं नसतं. काम चालू आहे आणि पुढची पायरी सांगितली जातेय, एवढंच.

तिसरी पायरी: मोठ्यांना सांगताना वाक्य भरा

काकूंचं वाक्य वर्गात आम्ही फळ्यावर घेतलं आणि एकेक शब्द घालत गेलो.

“काकू, माझं कुरिअर घ्या.” हे मूळ वाक्य.

“काकू, माझं कुरिअर घ्याल का?” आता विचारणं आलं. चालेल, पण अजून कोरडं आहे, शिवाय अर्थ पुरता बसलेला नाही. घ्याल म्हणजे कधी, माझ्या हातून?

“काकू, माझं कुरिअर घेऊन ठेवाल का?” इथे वाक्य बसलं. मराठीत विनंतीचा अर्धा गोडवा या जोड क्रियापदात असतो. ‘भराल का’पेक्षा ‘भरून द्याल का’, ‘वाचाल का’पेक्षा ‘वाचून दाखवाल का’, ‘काढाल का’पेक्षा ‘काढून द्याल का’. मागचं ‘द्याल’, ‘दाखवाल’, ‘ठेवाल’ हे सांगतं की हे तुम्ही माझ्यासाठी करताय आणि मला त्याची जाणीव आहे. माझ्या मते नवख्याने ‘कृपया’ शिकायच्या आधी ‘करून द्याल का’ शिकावं.

“काकू, दुपारी माझं एक कुरिअर येणारे, मी ऑफिसात असेन. तेवढं जरा घेऊन ठेवाल का?” आता पूर्ण झालं. आधी अडचण, मग विनंती. मराठी माणूस हाच क्रम धरतो. विनंती आधी आणि कारण मागाहून दिलं की ते सफाई दिल्यासारखं वाटतं. ‘तेवढं’ म्हणजे काम छोटं आहे, ‘जरा’ म्हणजे फार वेळ जाणार नाही. दोन्ही शब्द कामाचं वजन कमी करतात. मात्र काम खरंच मोठं असेल तर ते वापरू नका. “जरा कपाट खाली उतरवून द्याल का?” यावर काका हसतील किंवा चिडतील.

इतकं सगळं म्हटल्यावर शेवटचं क्रियापद ‘ठेवाल का’ऐवजी ‘ठेवता का’ असलं तरी चालतं. उलट रोजच्या बोलण्यात ‘जरा सरकता का’, ‘पाणी देता का’ हेच जास्त ऐकू येईल. ‘द्याल का’ थोडं अंतर राखतं, ‘देता का’ थोडं जवळ येतं. पहिल्या भेटीत ‘द्याल का’, महिनाभराने ‘देता का’, असं आपोआप होत जातं. पण ‘देताय का’ म्हणू नका. एका ‘य’ने वाक्य “अजून देताय की नाही” असं घाईचं होतं. आणि “ठेवणार का?” हे विनंतीपेक्षा चौकशी जास्त वाटतं. रिक्षावाल्याला “स्टेशन, येणार का?” ठीक आहे. तिथे तुम्ही खरंच चौकशीच करत असता.

‘करू शकाल का’बद्दल दोन शब्द. ऑफिसच्या मेलमधून हे रूप बोलण्यात उतरलंय आणि तिथे आता कुणी दचकत नाही. पण सत्तरीच्या आजोबांना “तुम्ही वर चढू शकाल का?” विचारलंत तर त्यांना ऐकू येईल, “तुम्हाला झेपेल का?” तिथे “वर याल का?” म्हणा.

चौथी पायरी: अनोळखी माणसाशी

अनोळखी माणसाच्या बाबतीत पहिला शब्द हाक असते आणि ती चुकली तर पुढचं ‘कराल का’ही वाचवू शकत नाही. तिशी-पस्तिशीच्या बाईला ‘काकू’ म्हणालात की संपलं, ‘ताई’ म्हणा. पुरुषाला ‘दादा’, पिकल्या केसांना ‘काका’. कार्यालयात ‘साहेब’, ‘मॅडम’. काहीच सुचलं नाही तर “अहो, ऐकता का जरा” आहेच. बाईमाणसाने अनोळखी पुरुषाला नुसतं ‘अहो’ म्हणून हाक मारली तर आजूबाजूचे गालात हसतील, कारण जुन्या वळणाच्या घरांत ती नवऱ्याला मारायची हाक आहे. ‘अहो दादा’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

गर्दीत, घाईत, धोक्यात ‘कराल का’ला वेळ नसतो. लोकलच्या दारात “उतरणाराय, बाजूला व्हा” हेच बरोबर. मागून गाडी येत असेल तर “सरका, सरका!” तिथे “काका, सरकाल का?” म्हणत बसलात तर काका सभ्यपणे गाडीखाली जातील. पण गाडी थांबलीय, बाकावर तिघं बसलेत आणि तुम्हाला चौथी सीट हवीय, तर “सरका” म्हटल्यावर लोक सरकतील पण तोंड फिरवतील. “जरा सरकता का?” म्हटल्यावर सरकतील आणि बॅगही उचलतील. जागा मात्र तेवढीच मिळेल.

अनोळखी माणसाला एखादी गोष्ट करू नका सांगायचं असेल तर मोठी अडचण येते, कारण ‘करू नका’ला ‘कराल का’सारखी मऊ जोडी नाही. “इथे गाडी लावणार नाही का?” याचा अर्थ भलताच होतो. उपाय एकच: नकाराचं वाक्य होकारात फिरवायचं. “इथे गाडी लावू नका”ऐवजी “गाडी जरा पुढे लावाल का? मला बाहेर काढायचीय.” “मोठ्याने बोलू नका”ऐवजी “थोडं हळू बोलाल का?” अगदीच फिरत नसेल तर “इथे नाही लावलीत तर बरं होईल” असं म्हणता येतं, पण त्यात किंचित धाक आहे. जपून वापरा.

पाचवी पायरी: सूर ऐका

‘कराल का’ म्हटलं म्हणजे सभ्य झालं असं समजू नका. “आता तरी गप्प बसाल का?” यात सगळी रूपं आदरार्थी आहेत आणि तरी ही सरळ सरळ झापणी आहे. ओळखायची खूण म्हणजे ‘आता तरी’ किंवा ‘एकदाचे’ हे शब्द, आणि आवाज. विनंतीत सूर ‘का’वर किंचित वर जातो. झापताना तो ‘बसाल’वर आदळतो आणि ‘का’ खाली पडतो. वर्गात मी “जरा थांबाल का” हे दोन्ही सुरांत म्हणून दाखवतो. दुसऱ्या वेळी मागच्या बाकावरचे खरंच गप्प होतात. घरी आरशासमोर नको, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ‘का’ खाली पडत असेल तर तुम्ही नकळत रोज लोकांना झापताय.

उलटही आहे. ‘करा’ला ‘ना’ जोडला आणि सूर लांबवला की त्यात लाड येतो: “काका, सांगा ना.” ओळखीच्या काकांना हे ‘सांगाल का’पेक्षा जास्त आवडतं. अनोळखी माणसाला मात्र हा लाड नको. आणि ‘जा’ हा शब्द मोठ्यांना निरोप देताना टाळाच. ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’ यांत क्रियापद एकच, त्यामुळे त्यात आदर दिसत नाही, शिवाय जा म्हणजे हाकलणं. आपण म्हणतो, “बरं, या मग.” माणूस निघालेला असतो तरी.

लिहिताना वेगळीच वाट आहे. नोटिशीत ‘कराल का’ शोभत नाही. तिथे ‘करावे’ येतं: “चपला बाहेर काढाव्यात.” अर्जात शेवटी “मंजुरी द्यावी, ही विनंती.” ‘कृपया’चं घरही तिथेच आहे, कागदावर आणि स्टेशनच्या भोंग्यात. शेजारच्या काकूंना “कृपया ठेवाल का?” म्हटलं तर त्या गाडी किती वाजता सुटणार ते विचारतील.

उत्तर कसं ओळखायचं

तुम्ही जागा ठेवून विचारलं की समोरचा त्या जागेचा वापर करणार, पण मराठीत तोंडावर ‘नाही’ क्वचितच येतं. “ठेवते की” किंवा “ठेवते हो, त्यात काय” म्हणजे मनापासून होकार. “ठेवते” एवढंच, तेही दार अर्धं लावत, म्हणजे होकार पण आज काहीतरी बिनसलंय. “बघते हं, घरी असले तर” म्हणजे नव्वद टक्के नाही. याला उत्तर म्हणून पुन्हा “ठेवाल ना?” विचारायचं नाही. ‘ना’ने तुम्ही दिलेली जागा परत काढून घेता. “नाही, राहू द्या, मी वॉचमनदादांना सांगतो” असं म्हणून मोकळं व्हायचं. आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या आठवड्यात हेच केलं, तेव्हा काकू मागून ओरडल्या, “अरे, वॉचमनकडे कशाला? ठेव म्हण की सरळ!”

त्यांनी त्याला ‘ठेव म्हण’ असं सांगितलं. तो अजूनही त्यांना ‘ठेवाल का’च म्हणतो, आणि ते बरोबर आहे.